न्यूरोसायकॉलॉजी पुनर्वसन विभागात प्लेसमेंटसाठी विनंती

पुणे, ९ जून २०२५

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

मी यंदा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. केले. आपल्या पुनर्वसन विभागात जुलैपासून सहा महिने प्लेसमेंट मिळावी, ही विनंती.

मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक आल्यावर माझे आजोबा ताटातली उजवीकडची भाजी संपवायचे. डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहायची. घरच्यांना तो हट्ट वाटे. याला ‘नेग्लेक्ट’ म्हणतात आणि नजर डावीकडे वळवण्याचा सराव करून घेता येतो, हे मला एम.ए.ला कळले. तोवर आजोबा गेले होते. तो सराव मला रुग्णांजवळ बसून शिकायचा आहे.

चाचण्या मी फक्त वर्गात घेतल्या आहेत, त्यामुळे सुरुवातीला निरीक्षण आणि नोंदींचेच काम दिलेत तरी चालेल. भेटीसाठी आपण सांगाल त्या वेळी येईन.

आपली नम्र,
मृणाल