ऊर्जा तेवढीच, फरक मात्र संपलेला: विश्वाचा औष्णिक मृत्यू एन्ट्रॉपीतून कसा निघतो

विभागप्रमुख मॅडम, सर्व प्राध्यापक आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

माझा विषय परीक्षेत आला तर दोन मार्कांना येतो. उत्तरही ठरलेलं असतं: एन्ट्रॉपी सतत वाढते, म्हणून शेवटी सगळं विश्व औष्णिक समतोलाला पोहोचेल. या वाक्यातला ‘म्हणून’ मला दोन वर्षं खटकतो आहे. एका बंद डब्यातल्या वायूबद्दलचा नियम आपण अख्ख्या विश्वाला लावतो, तेव्हा नेमकं काय काय गृहीत धरतो? आज हेच तपासायचं आहे. माझं मत आधीच सांगते: निष्कर्ष बरोबर आहे, पण तो एका उडीत मिळत नाही.

फळ्यावरचं गणित बघा. एक वस्तू 400 केल्विनला आहे, दुसरी 300 केल्विनला. दोन्ही इतक्या मोठ्या आहेत की थोडी उष्णता दिल्याघेतल्याने त्यांचं तापमान बदलत नाही. पहिलीकडून दुसरीकडे 1000 जूल उष्णता आपोआप गेली. पहिलीची एन्ट्रॉपी 1000 भागिले 400, म्हणजे 2.5 जूल प्रति केल्विनने घटली. दुसरीची 1000 भागिले 300, म्हणजे 3.33 ने वाढली. एकूण वाढ 0.83. इथपर्यंत सगळ्यांना येतं.

आता हेच 1000 जूल या दोन तापमानांमध्ये चालणाऱ्या आदर्श कार्नो इंजिनातून नेले असते तर? कार्यक्षमता 1 उणे 300/400, म्हणजे 25 टक्के. आपल्याला 250 जूल कार्य मिळालं असतं. उष्णता नुसतीच वाहू दिली म्हणून ते मिळालं नाही. आणि एन्ट्रॉपीतली वाढ थंड बाजूच्या तापमानाने गुणून बघा: 0.833 गुणिले 300, बरोबर 250. कोणतीही दोन तापमानं घ्या, हा हिशोब जुळतोच.

माझ्या सगळ्या मांडणीचा पाया या जुळण्यात आहे. एन्ट्रॉपी म्हणजे ‘अव्यवस्था’ असं आपण पाठ करतो आणि तिथेच अडकतो. वाढलेली एन्ट्रॉपी ही गमावलेल्या कार्याची मोजलेली रक्कम आहे. 1000 जूलमधला एकही जूल नाहीसा झालेला नाही, पहिला नियम शाबूत आहे. त्या ऊर्जेकडून काम करवून घेण्याची संधी मात्र गेली, आणि बाहेरून काही खर्च केल्याशिवाय ती परत आणता येत नाही.

आता डबा मोठा करत न्या. विश्वाच्या बाहेर काहीच नसेल, तर बाहेरून खर्च कोण करणार? वारा वाहणं, तारा जळणं, पेशी विभागणं, या प्रत्येक घटनेला कुठला तरी फरक लागतो: तापमानाचा, दाबाचा, रासायनिक विभवाचा. प्रत्येक घटना तो फरक थोडा खर्च करते. खर्च होतच राहिला आणि भरणा कधीच झाला नाही, तर एका टप्प्यावर फरकच उरत नाही. ऊर्जा तेवढीच, पण काहीही घडू शकत नाही. यालाच औष्णिक मृत्यू म्हणतात.

केल्विन यांनी 1852 मध्ये यांत्रिक ऊर्जेच्या या सार्वत्रिक अपव्ययावर निबंध लिहिला. हेल्महोल्ट्झ यांनी 1854 मध्ये क्योनिग्सबर्गच्या व्याख्यानात तो विचार विश्वापर्यंत नेला. क्लॉसियस यांनी 1865 मध्ये ‘एन्ट्रॉपी’ हे नाव दिलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं: विश्वाची ऊर्जा स्थिर आहे, विश्वाची एन्ट्रॉपी कमालीकडे जाते. मला केल्विन यांची सावधगिरी जास्त महत्त्वाची वाटते. 1862 मध्ये त्यांनी लिहिलं की हा शेवट अटळ ठरेल, पण विश्व मर्यादित असेल तर. आणि द्रव्याच्या विस्ताराला मर्यादा असेल हे त्यांना पटत नव्हतं. म्हणजे ‘कमाल’ या शब्दात दडलेली अट त्यांनी तेव्हाच ओळखली होती. एन्ट्रॉपी वाढते एवढ्याने भागत नाही. तिला गाठता येईल असं छतही असावं लागतं. या छताकडे मी पुन्हा येणार आहे.

त्याआधी एन्ट्रॉपी वाढतेच का, हे पाहू. बोल्ट्झमन यांचं सूत्र आपण सगळ्यांनी लिहिलं आहे, S = k log W. व्हिएन्नात त्यांच्या समाधीवर ते कोरलेलं आहे. W म्हणजे बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या स्थितीच्या आतल्या मांडण्यांची संख्या. डब्यात फक्त 100 रेणू घ्या. ते सगळे एकाच वेळी डाव्या अर्ध्या भागात सापडण्याची संभाव्यता 1 भागिले 2¹⁰⁰, म्हणजे साधारण 10⁻³⁰. एक मोल वायू घेतला तर 2 च्या घातांकातच 6 × 10²³ येतात. दुसरा नियम कुणी वरून लादलेला नाही. समतोलाच्या मांडण्या इतक्या प्रचंड संख्येने आहेत की प्रणाली फिरत फिरत तिथेच पोहोचते.

यावर 1896 मध्ये झेर्मेलो यांनी आक्षेप घेतला. प्वाँकारे यांच्या प्रमेयानुसार मर्यादित, बंदिस्त प्रणाली कधी ना कधी आपल्या सुरुवातीच्या स्थितीच्या हवी तितकी जवळ परतते. मग समतोल हा शेवट कसा? आक्षेप गणिती दृष्टीने बिनतोड आहे. पण परतण्याचा तो काळ इतका मोठा आहे की वर्षांत लिहायला घातांकावर घातांक चढवावा लागतो. त्यामुळे औष्णिक मृत्यू म्हणजे ‘पुन्हा कधीच नाही’ अशी तार्किक सक्ती नव्हे. ते संभाव्यतेचं विधान आहे आणि तसंच ते वाचलं पाहिजे.

सरावाच्या वेळी वर्गात एक प्रश्न आला होता: पृथ्वीवर तर गुंतागुंत वाढते आहे, झाडं उगवतात, मग एन्ट्रॉपी कुठे वाढते? उत्तर सूर्यप्रकाशात आहे. पृथ्वी सूर्याकडून जितकी ऊर्जा घेते, जवळपास तितकीच अवकाशात परत सोडते. पण येणारे फोटॉन सुमारे 5800 केल्विनच्या पृष्ठभागावरून येतात आणि जाणारे सरासरी 255 केल्विनच्या पातळीवरून. म्हणून आत आलेल्या प्रत्येक फोटॉनमागे साधारण 20 अवरक्त फोटॉन बाहेर पडतात. तीच ऊर्जा वीस पट तुकड्यांत वाटली गेली की एन्ट्रॉपी किती वाढते ते तुम्हीच बघा. पान, मुंगी, आपण, सगळे या उतारावर जगतो. सूर्य आपल्याला निव्वळ ऊर्जा देत नाही, फरक देतो. ही गोष्ट मला पहिल्यांदा समजली तेव्हा थर्मोडायनॅमिक्सबद्दलचं माझं सगळं आकलन बदललं.

आता खरी अडचण. विश्वातून सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण पेन्झियस आणि विल्सन यांना सापडल्याचं 1965 मध्ये जाहीर झालं. आज त्याचं तापमान 2.725 केल्विन आहे आणि दिशेनुसार त्यात पडणारा फरक फक्त लाखात एकाच्या आसपास. म्हणजे ते प्रारण निघालं तेव्हा विश्व जवळजवळ एकसारखं, समतोलासारखंच होतं! मग ते त्याच वेळी मृत असायला हवं होतं. तारे कुठून आले?

उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे. डब्यातला वायू पसरला की एन्ट्रॉपी वाढते. पण गुरुत्वाचं वर्चस्व असेल तिथे द्रव्य एकवटतं, तापतं, उष्णता बाहेर टाकतं, आणि एकूण एन्ट्रॉपी वाढते ती अशी. समान पसरलेलं द्रव्य ही गुरुत्वाच्या हिशोबात अत्यंत कमी एन्ट्रॉपीची स्थिती आहे. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांच्या सूत्राने कृष्णविवराची एन्ट्रॉपी काढता येते, मग तुलना बघा: सूर्याची एन्ट्रॉपी बोल्ट्झमन स्थिरांकाच्या एककात साधारण 10⁵⁸, तर तेवढ्याच वस्तुमानाच्या कृष्णविवराची साधारण 10⁷⁷. आरंभीचं विश्व तापमानाने समतोलात होतं, गुरुत्वाने मुळीच नव्हतं. आपला आजचा सगळा फरक त्या सुरुवातीच्या ठेवीतून आला आहे. ती ठेव इतकी मोठी का होती, हे दुसरा नियम सांगत नाही.

दुसरी अडचण प्रसरणाची. विश्व फुगत असेल तर एन्ट्रॉपीचं छतही वर सरकतं. खरी एन्ट्रॉपी मागे पडत राहिली तर शेवट येईलच कशाला? केल्विन यांची अट इथे नव्या रूपात समोर येते. 1998 मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचं दिसलं, आणि गंमत अशी की त्यामुळे छत पुन्हा हाती आलं. कृष्ण ऊर्जा स्थिर राहिली तर आपल्याभोवती एक क्षितिज तयार होतं, ज्याच्या पलीकडून आपल्यापर्यंत काहीच येऊ शकत नाही. त्या क्षितिजाच्या आतल्या एन्ट्रॉपीला कमाल मर्यादा आहे, सुमारे 10¹²². आजच्या दृश्य विश्वाचा अंदाज 10¹⁰⁴ च्या घरात आहे, त्यातला बहुतेक भाग महाकाय कृष्णविवरांचा. छत आहे, आणि आपण त्याच्या खूप खाली आहोत.

इथे डॉ. जयंत नारळीकरांचं नाव घेतलंच पाहिजे. 1948 मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतावर नारळीकरांनी हॉइल यांच्याबरोबर अनेक वर्षं काम केलं. त्या चित्रात विश्व प्रसरण पावतं, पण नवं द्रव्य सतत निर्माण होतं, त्यामुळे विश्व म्हातारं होत नाही. आपल्या हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर तिथे भरणा चालू असतो, म्हणून औष्णिक मृत्यूही नाही. पार्श्वप्रारण सापडल्यावर बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. तरी नियम तोच ठेवून गृहीतक बदललं की निष्कर्ष कसा बदलतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

कालक्रम थोडक्यात. सूर्याकडे सुमारे 500 कोटी वर्षांचं इंधन आहे, नंतर तो श्वेतबटू होऊन निवत जाईल. सर्वांत लहान लाल तारे काही लाख कोटी वर्षं टिकतात. साधारण 10¹⁴ वर्षांनी नवे तारे बनणं थांबेल. मग उरतील निवालेले अवशेष आणि कृष्णविवरं. हॉकिंग यांनी 1974 मध्ये दाखवल्याप्रमाणे कृष्णविवरंही प्रारण सोडून झिजतात: सूर्याएवढं असेल तर सुमारे 10⁶⁷ वर्षांत, सर्वांत मोठी 10¹⁰⁰ वर्षांच्या आसपास. त्यानंतर उरतं विरळ प्रारण, आणि क्षितिजाचं सुमारे 10⁻³⁰ केल्विन तापमान. उष्णता वाहायला इंजिनाची दुसरी बाजूच नाही.

हा सगळा शेवट ‘कृष्ण ऊर्जा स्थिर राहिली तर’ यावर टेकला आहे. डेसी या दीर्घिका-सर्वेक्षणाने 2024 आणि 2025 मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांत ती काळानुसार बदलत असावी असे संकेत आहेत. ते अजून सिद्ध झालेले नाहीत. ते खरे ठरले तर दुसरा नियम तसाच राहील, पण क्षितिजाचं छत आणि त्यावर उभा केलेला 10¹²² हा आकडा पुन्हा मांडावा लागेल. फळ्यावरचं गणित मी पुसत नाही. चर्चेत कुणाला या मांडणीतली एखादी पायरी तोडून दाखवायची असेल, तर खडू इथे ठेवला आहे.