गुरुवारच्या बैठकीआधी वाचायचं टिपण: वितरक की थेट विक्री?

सर्वांना,

34 स्लाइडचं डेक सोबत जोडलंय, पण ते उघडलं नाही तरी चालेल. बैठकीत ते पडद्यावर लावणार नाही. हे टिपण मात्र बुधवार संध्याकाळपर्यंत वाचा.

निर्णय एकच हवा आहे: पुढच्या वर्षी लहान ग्राहकांना वितरकांमार्फतच विकायचं, की थेट ऑनलाइन विक्रीही सुरू करायची?

गेल्या वर्षी 10 पैकी 7 नवे ग्राहक वितरकांनी आणले. त्यांतले जवळपास निम्मे पहिल्याच नूतनीकरणाला गळाले. थेट आलेल्यांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा. डेकमध्ये याचं खापर वितरकांच्या अपुऱ्या प्रशिक्षणावर फोडलंय. मला ते अर्धंच पटतं. वितरकाला कमिशन फक्त पहिल्या विक्रीवर मिळतं. ग्राहक टिकला काय, गेला काय, त्याच्या खिशाला फरक पडत नाही. (स्लाइड 19 वरचा आलेख पाहून दचकू नका, त्याचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही.)

माझी शिफारस: वितरक ठेवावेत, कमिशनचा काही भाग नूतनीकरणाला जोडावा आणि थेट विक्री एकाच उत्पादनापुरती सहा महिने करून पाहावी. दोन मोठे वितरक दुखावतील, हे उघड आहे. किती दुखावतील, ते विक्री विभागाने सांगावं.

स्पर्धक आणि पाच वर्षांचं चित्र यांवर गुरुवारी बोलणार नाही. आकड्यांबद्दलच्या शंका टिपणातच शेरा टाकून विचारा. 45 मिनिटं आहेत. ज्यांना शिफारस पटत नाही, त्यांनी आधी बोलायचं.