वरच्या व खालच्या दातांचा मज्जातंतूपुरवठा सांगून इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह ब्लॉकचे शरीररचनात्मक विवेचन करा : नमुना उत्तर

दोन्ही जबड्यांतील दातांना संवेदना पुरवणारी मुख्य नर्व्ह एकच, ती म्हणजे पाचवी कपालीय ट्रायजेमिनल नर्व्ह. वरच्या दातांकडे तिची मॅक्सिलरी शाखा जाते आणि खालच्या दातांकडे मॅन्डिब्युलर शाखा.

वरच्या दाढांना पोस्टेरिअर सुपीरिअर अल्व्हिओलर नर्व्ह पुरवठा करते. ही टेरिगोपॅलटाइन फॉसामध्ये निघते आणि मॅक्सिलाच्या मागच्या पृष्ठभागावरून हाडात शिरते. पहिल्या दाढेचे मेझिओबक्कल मूळ मात्र पुष्कळदा हिच्या वाट्याला येत नाही. ते मूळ आणि दोन्ही उपदाढा मिडल सुपीरिअर अल्व्हिओलर नर्व्हकडे असतात. ही मधली शाखा अनेकांत नसतेच, आणि तेव्हा पुढची-मागची शाखा मिळून तिचे काम भागवतात. सुळा व पटाशीचे दात अँटेरिअर सुपीरिअर अल्व्हिओलर नर्व्हकडे असतात. तिन्हींच्या जाळ्याला सुपीरिअर डेंटल प्लेक्सस म्हणतात. टाळूकडील हिरडी वेगळी : मागे ग्रेटर पॅलटाइन, पुढे नेझोपॅलटाइन.

खालच्या जबड्यात इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह ही मॅन्डिब्युलर नर्व्हच्या पोस्टेरिअर डिव्हिजनमधून निघते, लॅटरल टेरिगॉइड स्नायूच्या खालून बाहेर येते आणि स्फीनोमॅन्डिब्युलर लिगामेंट व रॅमस यांच्यामधून उतरून मॅन्डिब्युलर फोरामेनमध्ये शिरते. आत शिरण्याच्या थोडे आधी ती मायलोहायॉइड नर्व्ह देते, आणि ही गोष्ट पुढे ब्लॉकच्या अपयशाचा विचार करताना लागते. हाडातील कॅनालमध्ये ती दाढा व उपदाढांना शाखा देते. मेंटल फोरामेनपाशी तिच्या दोन वाटा होतात. मेंटल नर्व्ह बाहेर पडून खालचा ओठ, हनुवटी व पुढची बाह्य हिरडी यांना पुरवठा करते, तर इन्सायझिव्ह नर्व्ह हाडातच राहून सुळा व पटाशीच्या दातांकडे जाते. दाढांची गालाकडील हिरडी लाँग बक्कल नर्व्हकडे आणि जिभेकडील हिरडी लिंग्वल नर्व्हकडे असते.

ब्लॉकचे औषध ज्या टेरिगोमॅन्डिब्युलर स्पेसमध्ये सोडायचे तिच्या बाहेरच्या बाजूस रॅमस, आतल्या बाजूस मीडिअल टेरिगॉइड, वर लॅटरल टेरिगॉइड आणि मागे पॅरोटिड ग्रंथी असते. पुढील बाजूस बक्सिनेटर व सुपीरिअर कॉन्स्ट्रिक्टर ज्या रेषेवर जुळतात, ती टेरिगोमॅन्डिब्युलर रॅफी तोंड मोठे उघडताच दुमडीसारखी दिसते. जागेत लिंग्वल नर्व्ह पुढे व आतल्या बाजूस असते, म्हणून बहुतेक वेळा आधी जीभ बधिर होते.

अंगठा कॉरोनॉइड नॉचवर ठेवून, सिरिंज विरुद्ध बाजूच्या उपदाढांवर टेकवून, खालच्या दातांच्या चर्वण-पातळीपेक्षा 6 ते 10 मिलिमीटर वर, नॉच व रॅफी यांच्या मधल्या खोलगट भागात सुई घातली जाते. साधारण 20 ते 25 मिलिमीटरवर हाड लागले पाहिजे. हाड लागल्यावर सुई किंचित मागे घेऊन ॲस्पिरेशन करावे, कारण शेजारीच इन्फिरिअर अल्व्हिओलर रक्तवाहिन्या असतात. रक्त आले नाही तरच सुमारे 1.5 मिलिलिटर औषध सावकाश सोडावे. सुई मागे घेताना थोडे औषध सोडल्यास लिंग्वल नर्व्ह बधिर होते, परंतु लाँग बक्कल नर्व्हसाठी वेगळे इंजेक्शन द्यावे लागते. लहान मुलांत मॅन्डिब्युलर फोरामेन खाली असते, तेव्हा सुईही खालच्या पातळीवर ठेवावी.

हाड न लागता सुई फार मागे गेली, तर औषध पॅरोटिडमध्ये, म्हणजे फेशियल नर्व्हपाशी पडते आणि त्या बाजूचा चेहरा तात्पुरता लुळा पडतो. डोळाही मिटत नाही. फार आत गेली, तर मीडिअल टेरिगॉइडला इजा होऊन ट्रिस्मस होऊ शकतो.

ब्लॉक लागल्याची खूण म्हणजे त्या बाजूचा खालचा ओठ बधिर होणे, परंतु ती पुरेशी नाही. जळगावच्या ओपीडीत यावलकडचे एक केळी-बागायतदार दाढ काढायला आले होते. ब्लॉक देऊन दहा मिनिटे झाल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, मना होट जड व्हयी गया, पन दाढ अजून दुखस." ओठ खरोखरच बधिर होता, म्हणजे औषध योग्य जागी पडले होते. तरीही दाढ दुखत होती, कारण काही व्यक्तींत मायलोहायॉइड नर्व्हच्या शाखा खालच्या दाढांपर्यंत पोहोचतात, आणि ही नर्व्ह फोरामेनच्या वरच वेगळी झालेली असल्याने तिथले औषध तिला नेहमीच गाठत नाही. दाढेच्या जिभेकडील बाजूस, मुळांच्या टोकाच्या पातळीवर थोडे औषध दिल्यानंतर वेदना थांबली आणि दाढ काढता आली.