विषय: काकूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा क्लेम

नमस्कार काकाजी,

काकूंच्या डाव्या डोळ्याचं 18 फेब्रुवारी 2026 ला रामदासपेठेत जे ऑपरेशन झालं, त्याचे 42,600 रुपये आम्ही देऊ शकत नाही. आधीच्या पत्रात फक्त 'अपवर्जन Excl02 अन्वये दावा अग्राह्य' असं होतं, त्यातून कोणालाच काही कळणार नाही, म्हणून हे पत्र.

तुमची पॉलिसी 10 जून 2024 ला सुरू झाली. मोतीबिंदू, हर्निया असे काही ठरावीक आजार या पॉलिसीत पहिले 24 महिने कव्हर होत नाहीत, ऑपरेशन कितीही गरजेचं असलं तरी. काकूंचं ऑपरेशन विसाव्या महिन्यानंतर झालं, म्हणजे मुदत संपायला चारेक महिने बाकी होते, आणि नकाराचं कारण तेवढं एकच आहे. बिलं बरोबर आहेत, कागद पूर्ण आहेत, तुम्ही काही लपवलं असं आमच्या फाइलमध्ये कुठंच लिहिलेलं नाही, तेव्हा ती शंका मनात ठेवू नका.

आता दोन गोष्टी तपासून पाहा, कारण यातली एक जरी लागू झाली तरी फाइल पुन्हा उघडता येते. एक, ही पॉलिसी दुसऱ्या कंपनीतून पोर्ट करून आणली होती का? तसं असेल तर तिकडची वर्षं धरावी लागतात, कधीकधी एजंट फॉर्म भरताना नवीनच पॉलिसी दाखवून मोकळा होतो, म्हणून जुन्या पॉलिसीची झेरॉक्स असली तर आणा. दुसरं म्हणजे डोळ्याला अपघातात मार लागून मोतीबिंदू झाला असेल तर ही 24 महिन्यांची अट लागतच नाही, तसं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

डिस्चार्ज कार्डवर उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू असल्याचं दिसतं. 9 जूनपर्यंत रिन्यूअल भरलं तर 10 जून 2026 पासून मोतीबिंदूला ही अट राहणार नाही, भरती व्हायच्या आधी आम्हाला कळवा म्हणजे कॅशलेसचं बघता येईल. पण डॉक्टर थांबू नका म्हणाले तर आमच्या तारखेसाठी थांबू नका, डोळा आधी.

हा निर्णय पटला नसेल तर आमच्या तक्रार अधिकाऱ्यांना लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं, नागपूरसाठी त्यांचं ऑफिस पुण्याला आहे, ऑनलाइनही तक्रार होते, फी नाही आणि वकीलही लागत नाही. फक्त त्यांच्याकडे जायला एक वर्षाची मुदत असते, तेव्हा हे पत्र आणि आधीचं पत्र, दोन्ही जपून ठेवा.

कागद घेऊन सीताबर्डीच्या ऑफिसला तुम्हीच यायला पाहिजे असं नाही, उन्हाचं तर मुळीच नको, मुलाला पाठवलं तरी चालेल, फक्त पॉलिसी नंबर सोबत द्या.

क्लेम विभाग,
नागपूर शाखा