खालच्या डाव्या दाढेबाबत

सातारा, १७ जून २०२५

सौ. शिंदे काकू यांस,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी तपासणीनंतर तुम्ही म्हणालात, "मुलाला फोनवर नीट सांगता येणार नाही, लिहून द्या." म्हणून हे पत्र. सोबत एक्स-रेची प्रत आहे, तीही त्यांना पाठवा.

तुमची खालची डावी पहिली मोठी दाढ आता वाचवता येणार नाही, ती काढावी लागेल. दात वाचवण्यासाठी जे जे करता येतं ते आधी पाहूनच मी हे लिहितो आहे.

या दाढेचं रूट कॅनाल पूर्वी झालेलं आहे, पण वर कॅप बसलेली नाही. रूट कॅनाल झालेली दाढ आतून बरीच कोरलेली असते. कॅपचा आधार नसेल तर चावण्याचा जोर तिच्या भिंती बाहेर ढकलतो. चिक्की चावताना दाढ चिरली, पण ते शेवटचं निमित्त झालं, बारीक चीर बहुधा आधीपासूनच असणार.

नुसता वरचा तुकडा उडाला असता तर मुळात आधाराची काडी, म्हणजे पोस्ट, घालून कॅप बसवली असती. पण ही चीर पुढून मागे अशी थेट दाढेच्या तळातून खाली दोन्ही मुळांत गेली आहे. उपकरणाने हलकं दाबलं तेव्हा गालाकडचा आणि जिभेकडचा भाग वेगवेगळे हलताना तुम्ही आरशात पाहिलेत. निरोगी हिरडीत मापाची पट्टी दोन-तीन मिलिमीटर आत जाते. चिरेपाशी ती नऊ मिलिमीटर गेली. म्हणजे तिथलं हाड झिजलं आहे. एक्स-रेत दोन मुळांच्या मध्ये जी काळपट सावली दिसते ती त्याचीच.

मुळाला गेलेली चीर पुन्हा सांधता येत नाही. टिकाऊ सिमेंट नाही म्हणून नव्हे. लाकडाच्या चिरेसारखी ती प्रत्येक घासाला उघडझाप करते आणि त्यातून जंतू हाडापर्यंत जातात. अशा दाढेवर कॅप बसवली तर तुमचे पैसे वाया जातील. एक मूळ काढून दुसरं ठेवण्याचा उपायही इथे चालत नाही, कारण दोन्ही चिरली आहेत.

"दुखत नाही, मग काढायची कशाला?" असं तुम्ही विचारलंत. नस आधीच काढलेली असल्याने दाढ स्वतः ठणकत नाही. पण हिरडीवर अधूनमधून येणारी ती पुळी म्हणजे आतला पू बाहेर पडण्याची वाट आहे. जितके दिवस जातील तितकं हाड कमी होईल आणि पुढे नवा दात बसवणं अवघड होईल. शिवाय तुमची साखर अशीच वाढलेली असताना हा संसर्ग अंगावर काढू नका.

दाढ काढल्यावर तिथे काय बसवायचं, हे मात्र आजच ठरवायची घाई नाही.

इम्प्लांट: हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कॅप. शेजारच्या दातांना हात लागत नाही, चावणं जवळपास स्वतःच्या दातासारखं होतं. जखम भरणं आणि हाडाने स्क्रू धरणं मिळून पाच-सहा महिने जातात. आमच्याकडे कॅपसकट खर्च सुमारे ३८,००० रुपये. हाड कमी पडलं तर भर घालण्याचा वेगळा. अडचण एकच, तुमचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.४ आहे. ते साडेसातच्या आत आल्याशिवाय मी इम्प्लांट करणार नाही.

ब्रिज: दोन्ही बाजूंचे दात घासून तीन जोडलेल्या कॅप. जखम भरल्यावर दोन-तीन भेटींत काम होतं, खर्च सुमारे २४,०००. मागच्या दाढेत मोठं सिमेंट आहे, तिला आज ना उद्या कॅप लागणारच. पुढचा दात मात्र अगदी धडधाकट आहे आणि तो घासणं मला जिवावर येतं. ब्रिजखाली रोज खास ब्रशने साफ करावं लागतं.

काढघाल करायची एका दाताची कवळी: सुमारे ३,५००. तात्पुरती म्हणून ठीक. त्या बाजूने शेंगदाणे चावायची अपेक्षा ठेवू नका.

काहीच न बसवणं हाही पर्याय आहे. पण मागची दाढ हळूहळू पुढे कलते, वरची खाली उतरते, आणि नंतर काही बसवायचं म्हटलं तर जागा राहत नाही.

माझं मत विचाराल तर दाढ आत्ता काढू, तीन महिने साखरेवर लक्ष देऊ आणि मग इम्प्लांट करू. साखर ऐकली नाही तर ब्रिज.

शुक्रवारी सकाळी साडेदहाची वेळ ठेवली आहे. भूल देऊन, मुळं वेगळी करून काढू, खर्च २,५००. नाश्ता करून, साखरेची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन या. रक्त पातळ करण्याची गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आपण टाके घालून रक्त थांबवू. तोवर डाव्या बाजूने चावू नका. गालावर सूज आली, ताप आला किंवा तोंड उघडेनासं झालं तर शुक्रवारची वाट न पाहता लगेच या. मुलाला काही विचारायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर दवाखान्यात फोन करायला सांगा.

आपला,
डॉ. जोशी
दंतवैद्य