नळाचा माठ, 10 लिटर : गार पाणी, चवीसकट

फ्रिजमधली बाटली तोंडाला लावली की दोन घोटांत दात शिवशिवतात आणि तहान अर्धवटच राहते. 4-5 अंशांच्या पाण्याने जीभ बधिर होते, मग चव कळायची कुठून? माठातलं पाणी गार असतं, पण बर्फागार नसतं. उन्हातून आल्यावर अख्खा तांब्या एका दमात पिता येतो आणि पाण्याला स्वतःची गोडी असते ती जाणवते. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल, तर रात्रभर माठात राहिल्यावर तोही बराचसा उडून जातो.

आजीच्या घरच्या आठवणी ज्याच्या त्याच्या. आम्ही हा माठ रोज भरायला, रोज प्यायला आणि आठवड्याला घासायला सोपा जावा म्हणून घडवून घेतला आहे.

माती मळताना तिच्यात बारीक चाळलेला भुसा मिसळतात. आव्यात भुसा जळून जातो आणि भिंतीत सूक्ष्म छिद्रं राहतात. पाणी त्यांतून पाझरतं, बाहेरच्या बाजूने वाफ होऊन उडतं आणि उडताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. 10 लिटर पाणी 10 अंशांनी गार व्हायला हिशोबाने जेमतेम 175 मिली पाणी उडावं लागतं. बाहेरची उष्णता आत येतच असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं. सकाळी पातळी कपभर खाली गेलेली दिसली तर माठ गळत नाहीये, काम करतोय.

आता खरं खरं सांगतो. कोरड्या हवेत, 40 अंशांच्या दुपारीसुद्धा, सावलीत ठेवलेल्या माठातलं पाणी 25 अंशांच्या आसपास राहतं. दमट हवेत तेवढी मजा नाही. हवा 32 अंश आणि आर्द्रता 75 टक्के असेल तर पाणी 28 अंशांच्या खाली जाऊच शकत नाही, मग माठ आमचा असो की आणखी कुणाचा. अशा ठिकाणी राहत असाल तर माठ खिडकीच्या वाऱ्यात ठेवा. ओलं फडकं गुंडाळल्याने थोडा फरक पडतो, वाऱ्याने जास्त पडतो. स्वयंपाकघराचा कोपरा मात्र टाळा. गॅसजवळचा माठ म्हणजे मेहनत वाया.

काळा माठ जास्त गार करतो का, हे आम्हाला सारखं विचारतात. काळा रंग आव्यात धूर कोंडल्याने येतो. गारवा ठरतो तो भिंतीची जाडी आणि छिद्रांवर. रंग आवडीने निवडा.

आतून-बाहेरून कुठेही रंग, चकाकी किंवा मेण लावलेलं नाही. लावलं की छिद्रं बुजतात. माठाचं तोंड मुद्दाम 6 इंच रुंद ठेवलं आहे, म्हणजे हात कोपरापर्यंत आत जातो आणि तळ घासता येतो. अरुंद तोंडाचे माठ दिसायला देखणे, पण बुडाशी शेवाळ धरलं की काढणार कसं? नळ स्टीलचा असून रबरी वॉशर दोन्ही बाजूंनी आहे, एक जादा वॉशर डब्यात मिळेल. रिकामा माठ साधारण 4 किलोचा, भरल्यावर 14, म्हणून सोबतची लाकडी घडवंची रुंद पायांची आहे. नळाखाली तांब्या सहज मावतो. माठाखाली बशी ठेवा, थोडं पाणी ठिबकणारच.

नवा माठ आधी 24 तास पाण्यात बुडवून ठेवा. पहिल्या दोन भरण्यांचं पाणी झाडांना घाला, त्याला मातीचा वास जरा जास्त येतो. पुढे आठवड्यातून एकदा काथ्याने आणि साध्या पाण्याने घासा. साबण अजिबात नको, तो छिद्रांत शिरतो आणि मग पाण्यातून जाता जात नाही. पाणी जड असेल तर काही महिन्यांनी बाहेर पांढरा खार दिसू लागेल आणि गारवा कमी होईल. लिंबाच्या पाण्याने चोळल्यावर बराचसा निघतो. तरीही पाझर मंदावला तर माठ बदलायची वेळ झाली असं समजा. एक-दोन उन्हाळे हे त्याचं साधारण आयुष्य.

माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. गाळून, उकळून किंवा फिल्टर करून घेता तसंच पाणी यात भरा. ते रात्री भरलं तर सकाळी प्यायला तयार.

खोका उघडल्यावर माठ रिकामा असतानाच बोटाने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर उत्तम. भद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. पाणी न भरता 48 तासांत फोटो पाठवा, दुसरा माठ पाठवतो. तडकलेला परत पाठवायची गरज नाही, त्यात तुळस लावा.