गच्चीवरचं सोलर : आमच्या सोसायटीचा खराखुरा हिशोब

आमच्या 64 फ्लॅटच्या सोसायटीत सोलर बसलं, तेव्हापासून आजूबाजूच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी मला एकच विचारतात: "बिल शून्य झालं का हो?" नाही झालं. आणि सोलर सोसायटीच्या कॉमन मीटरवर आहे, म्हणजे फायदा लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या बिलात. घरातलं बिल होतं तेवढंच येतं. सर्वसाधारण सभेत हे आधीच सांगून टाका, नंतरची भांडणं वाचतात.

आमची सिस्टीम 20 किलोवॅटची. गच्चीवर वावरता यावं म्हणून स्ट्रक्चर उंच घेतलं, त्यामुळे खर्च 11 लाख 60 हजार. 'पीएम सूर्य घर' योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 3 लाख 60 हजार. पण आधी सगळे पैसे आपण भरायचे. आमच्या खात्यात अनुदान पाच महिन्यांनी आलं.

वर्षाला साधारण 26,000 युनिट तयार होतात. मार्चमध्ये दिवसाला 90, जुलैत कधी 35. विक्रेता कोटेशनमध्ये मार्च दाखवतो, तुम्ही वर्षभराचं मागा. युनिटमागे 10 रुपये धरले तर वर्षाला 2 लाख 60 हजार वाचतात, त्यातून देखभालीचे 25,000 वजा करा. अनुदान वजा जाता उरलेले आठ लाख वसूल व्हायला आकडेमोड साडेतीन वर्षं सांगते. पण हे आठ लाख एफडीत होते, त्याचं व्याज बुडालं, म्हणून मी साडेचार म्हणतो. अनुदान धरलंच नाही, तर व्याज सोडूनही पाच. अडीच वर्षांत वसुली सांगणाऱ्याला गेल्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून हिशोब मांडायला लावा. स्थिर आकार तर भरावाच लागतो.

आता देखभाल. "काहीच करावं लागत नाही," असं आम्हालाही सांगितलं होतं. शेजारी बांधकाम सुरू झालं आणि रोजचे 84 युनिट 71 वर आले. पॅनल धुतले, दुसऱ्या दिवशी 83. तेव्हापासून पंधरा दिवसांनी धुतो, सकाळी सातच्या आत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नसतं. बोअरचं पाणी वापरलं तर पांढरे डाग राहतात. पॅनलखाली कबुतरं घरटी करतात, जाळी आधीच लावून घ्या. गच्चीचं वॉटरप्रूफिंगही आधी, नाहीतर गळती शोधायला सगळं उचकटावं लागेल.

इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो. आम्ही त्यासाठी दरवर्षी 15,000 बाजूला टाकतो. आणि हो, लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं. लिफ्टसाठी जनरेटर विकू नका!

वर्षभराची बिलं ऑफिसात फाइलला लावली आहेत. रविवारी दहा ते बारा कधीही या, गच्चीही दाखवतो.